लाल रंगाचा कोणता राखाडी करायचा? कृष्णधवल सिनेमा आजही का निवडला जातो

रंगीत चित्रीकरण स्वस्त आहे, सोपं आहे, आणि वितरकांनाही तेच हवं असतं. तरीही दर थोड्या वर्षांनी कुणीतरी नावाजलेला दिग्दर्शक हट्टाने कृष्णधवल सिनेमा करतो. २०१८ मध्ये अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' आला, २०१९ मध्ये रॉबर्ट एगर्सचा 'द लाइटहाउस', २०२१ मध्ये रेबेका हॉलचा 'पासिंग'. या तिन्हींच्या कथा जुन्या काळातल्या आहेत, त्यामुळे जुना काळ दाखवायचा म्हणून रंग काढला, असं स्पष्टीकरण सहज दिलं जातं. पण जुन्या काळावरचे बहुतेक सिनेमे आज रंगीतच बनतात आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

माझ्या मते ते एका साध्या तांत्रिक गोष्टीत आहे. रंग काढून टाकला की चित्रातल्या प्रत्येक रंगाला एक राखाडी छटा द्यावी लागते. लाल स्वेटर राखाडी होणार हे नक्की, पण तो फिका राखाडी होणार की जवळजवळ काळा, हे निसर्गाने ठरवलेलं नाही. ते कुणीतरी ठरवावं लागतं. रंगीत सिनेमातही रंगात फेरफार होतात, पण तिथे लाल स्वेटर साधारण लालच दिसावा लागतो. कृष्णधवलमध्ये ते बंधनच उरत नाही, आणि प्रेक्षक काय पाहणार यावर दिग्दर्शकाचा मोठा ताबा येतो.

हे आकड्यांत पाहिलं की लगेच उमगतं. डिजिटल चित्रात प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. समजा एका पात्राने लाल स्वेटर घातलाय, त्याचे आकडे २००, ४०, ४०. मागची भिंत गडद हिरवी, तिचे आकडे ४०, ९०, २०. आजच्या टीव्हीच्या प्रचलित मापाप्रमाणे रंगाचा उजेड काढायचा झाला, तर लालचे सुमारे २१ टक्के, हिरव्याचे ७२ टक्के आणि निळ्याचे ७ टक्के घेऊन बेरीज करतात, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सर्वात जास्त जाणवतो. स्वेटरची बेरीज येते सुमारे ७४. भिंतीचीही जवळजवळ तेवढीच. रंगीत चित्रात एकमेकांपासून चटकन वेगळे दिसणारे स्वेटर आणि भिंत राखाडीत एकजीव झाले. पात्र भिंतीत विरघळलं आणि चेहरा तेवढा हवेत तरंगत राहिला.

आता प्रमाण बदलू. लालचे ६० टक्के, हिरव्याचे ३० आणि निळ्याचे १० घेतले, तर स्वेटर १३६ वर जातो आणि भिंत ५३ वर उतरते. उजळ स्वेटर, काळपट भिंत. उलट लाल पूर्ण वगळून हिरव्याचे ७० आणि निळ्याचे ३० घेतले, तर स्वेटर ४० होतो आणि भिंत ६९. आता स्वेटर गडद आणि भिंत त्याच्यापेक्षा उजळ. प्रसंग तोच, दिवे तेच, नट तोच. नुसत्या प्रमाणाने त्या माणसाचं वजन बदललं.

हौशी कृष्णधवल चित्रीकरण बऱ्याचदा कशाने फसतं, तेही इथेच कळतं. रंगीत चित्रीकरण करायचं आणि शेवटी संगणकावर रंगाची तीव्रता शून्यावर आणायची, की झालं, असं वाटतं. मग ओठ आणि गाल एकाच छटेचे होतात, केस मागच्या पडद्यात मिसळतात आणि सगळी चौकट मधल्या राखाडीत अडकून पडते. असं चित्र ओळखायची सोपी खूण आहे. डोळे बारीक करून पडद्याकडे पाहा. माणसांच्या आकृत्या मागच्या गोष्टींपासून सुटून दिसत नसतील, तर दृश्य रंगाच्या भरवशावर रचलं होतं आणि रंग नंतर काढला गेला, असं बहुधा समजावं.

जाणकार छायालेखक ही वेगळेपणाची जबाबदारी उजेडावर टाकतो. पात्राच्या चेहऱ्याची उजळ बाजू जिथे असेल तिच्यामागे काळोख ठेवतो, आणि सावलीतल्या बाजूमागे भिंतीवर थोडा उजेड पाडतो. खांद्याच्या आणि केसांच्या कडेला मागून एक बारीक प्रकाशरेषा देतो. भिंतीचे रंग आणि कपडे चित्रीकरणाआधी कॅमेऱ्यासमोर धरून तपासले जातात, कारण डोळ्याला सुंदर दिसणारी रंगसंगती राखाडीत निव्वळ चिखल ठरू शकते.

'द लाइटहाउस' इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला न्यू इंग्लंडजवळच्या एका बेटावर दोन दीपगृह-रक्षक अडकून पडतात. विलेम डफो आणि रॉबर्ट पॅटिन्सन, जवळजवळ एवढीच माणसं. चित्रीकरण कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामध्ये केप फोर्शू या खडकाळ टोकावर झालं आणि सुमारे ७० फूट उंचीचं दीपगृह तिथे मुद्दाम बांधलं गेलं. छायालेखक जॅरिन ब्लाश्के यांनी कोडॅकची डबल-एक्स ही कृष्णधवल निगेटिव्ह वापरली. ही फिल्म १९५९ पासून बाजारात आहे. लेन्सही बऱ्याच १९३० च्या दशकातल्या.

पण या सगळ्यापेक्षा मोलाचा होता एक फिल्टर. सिनेमाच्या सुरुवातीच्या दशकांत जी फिल्म सर्रास वापरली जायची, तिला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. तिला निळा आणि हिरवा उजेड दिसायचा, लाल दिसायचाच नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि ऑर्थो मागे पडली. एगर्स आणि ब्लाश्के यांना त्या जुन्या फिल्मची नजर हवी होती. डबल-एक्स मात्र लालसुद्धा टिपते. म्हणून श्नायडर या फिल्टर बनवणाऱ्या कंपनीकडून त्यांनी खास फिल्टर करून घेतला. तो निळा-हिरवा उजेड आत सोडतो आणि सुमारे ५७० नॅनोमीटरच्या पुढचा, म्हणजे पिवळ्यापासून नारिंगी-लालपर्यंतचा उजेड अडवतो. आपल्या स्वेटरच्या उदाहरणातला तिसरा हिशेब आठवा, लाल पूर्ण वगळलेला. इथे तो संगणकावर न करता भिंगावरच केला गेला.

याने काय साधलं? माणसाच्या त्वचेतून परतणाऱ्या उजेडात लाल भाग मोठा असतो, आणि त्या लाल उजेडात त्वचेचे डाग, शिरा, वारा-उन्हाने आलेली लाली हे सगळं मिसळून जातं. छायाचित्रकारांना हे चांगलं माहीत असतं. एखाद्या चेहऱ्याचा फक्त लाल भाग वेगळा काढून पाहिला तर त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते. निळा भाग वेगळा काढला तर तोच चेहरा दहा वर्षांनी म्हातारा वाटतो. लाल उजेड अडवल्यावर डफोच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती आणि प्रत्येक रंध्र काळं होऊन वर आलं. त्वचा एकूणच गडद झाली, जणू वर्षानुवर्षं खारा वारा खाल्लेली. रंगभूषेने हे इतक्या खात्रीने करता आलं नसतं, कारण रंगभूषा चेहऱ्यावर बसते आणि हे कातडीच्या आतून आल्यासारखं दिसतं.

आकाशाचंही तसंच. ऑर्थो नजरेला निळं आकाश पांढरंफटक दिसतं, ढग त्यात हरवतात. निर्जन बेटावरच्या कथेला असं कोरं आकाश फार उपयोगी पडतं, कारण नजरेला वर टेकायला जागाच उरत नाही आणि ती पुन्हा त्या दोन चेहऱ्यांकडे वळते. चौकटही जवळजवळ चौकोनी ठेवलेली आहे, रुंदी उंचीपेक्षा जेमतेम एक पंचमांशाने जास्त. ती दीपगृहाच्या उंच, अरुंद अंगाला शोभते, आणि दोन माणसं शेजारी उभी राहिली की चौकट भरूनच जाते.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली, आणि मला तो भाग सर्वात शिकण्यासारखा वाटतो. कथेत वीज नाही, रात्री कंदील. ज्योतीच्या उजेडात निळा आणि हिरवा भाग अगदी थोडा असतो, बहुतेक सगळा लाल-पिवळा. म्हणजे दृश्यात जो उजेड आहे तोच नेमका फिल्टर अडवणार. त्यात डबल-एक्स मुळात आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांइतकी संवेदनशील नाही आणि फिल्टरमुळे तिची उजेडाची भूक आणखी वाढली. खऱ्या कंदिलावर पडद्यावर काहीच उमटलं नसतं. म्हणून कंदिलात ५०० ते ८०० वॉटचे हॅलोजन दिवे बसवून ते ज्योतीसारखे थरथरत ठेवले गेले. पडद्यावर आपल्याला अंधारी, कोंदट खोली दिसते. प्रत्यक्षात नटांच्या नाकासमोर डोळे दिपवणारा उजेड होता. कृष्णधवलमध्ये काळोख दाखवायचा तर भरपूर उजेड लागतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कामाचं स्वरूप असंच आहे.

हे झालं कॅमेऱ्यामागचं. समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यात काय होतं?

आपला मेंदू उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती बऱ्याच अंशी वेगवेगळी हाताळतो. बारीक तपशील, कडा, पोत, हे आपल्याला मुख्यतः उजेडाच्या फरकातून कळतं. रंगाची नजर त्या मानाने भरड असते. व्हिडिओ तंत्रज्ञानाने याचा फायदा कधीच घेतलेला आहे. घरी आपण पाहतो त्या जवळजवळ सगळ्या व्हिडिओत उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याला असते, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांमागे एकदाच असते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे रंग गेला तरी आकार, सुरकुत्या, कापडाचा विणाव, पावसाचे थेंब यातलं फारसं काही हरवत नाही. उलट लक्ष वेधणारी रंगाची स्पर्धा संपल्यामुळे ते अधिक जाणवतं.

हरवतं ते दुसरंच काहीतरी. रंगाचं मोठं काम म्हणजे गोष्ट चटकन शोधून देणं. पानांतलं लाल फळ, गर्दीतला पिवळा अंगरखा. रंगीत चौकटीत डोळा असा ठिपका क्षणात पकडतो आणि बाकीचं सोडून देतो. कृष्णधवल चौकटीत ही पळवाट नसते. डोळ्याला आकार, हालचाल आणि उजेड पाहून शोध घ्यावा लागतो, आणि शोधताना तो चौकटीत जास्त फिरतो.

'रोमा'ची रचना याच्यावर उभी आहे. सुरुवातीला पडद्यावर फक्त फरशी दिसते. तिच्यावर पाण्याची लाट येते, फेस पसरतो, आणि पाण्यात वरच्या उघड्या जागेचं चौकोनी प्रतिबिंब उमटतं. त्या प्रतिबिंबातून एक विमान सरकत जातं. रंगीत चित्रात निळसर आकाश आणि फरशी लगेच वेगवेगळे कळले असते. इथे आकाश म्हणजे फक्त फरशीवरचा उजळ चौकोन, आणि ते आकाश आहे हे समजायला एक क्षण जातो. पुढे कॅमेरा घरभर आणि रस्त्याभर संथ फिरतो, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट असतं, आणि क्लिओ ही घरकाम करणारी मुलगी त्या सगळ्या गजबजीत कुठेतरी असते. कपड्याच्या रंगाने ती उठून दिसत नाही. तिला शोधावं लागतं. ज्या बाईकडे घरातल्या माणसांचं लक्ष सहसा जात नाही, तिच्याकडे पाहण्याचे कष्ट प्रेक्षकाला घ्यायला लावणं, ही मला त्या सिनेमाची सर्वात देखणी युक्ती वाटते.

गंमत म्हणजे 'रोमा' आणि 'द लाइटहाउस' यांची कृती अगदी उलट आहे. क्वारोन स्वतःच छायालेखक होता आणि त्याने मोठ्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत चित्रीकरण केलं. मग ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर छटा ठरवताना, एकेक रंग निवडून त्याची राखाडी ठरवता आली. झाड थोडं गडद, भिंत थोडी उजळ, असं. चित्र स्वच्छ, फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे नसलेलं, म्हणून ते जुन्या सिनेमासारखं वाटत नाही. एगर्सने उलट प्रत्येक निर्णय चित्रीकरणाच्या क्षणीच पक्का केला. निगेटिव्हवर रंगाची नोंदच नाही, तर नंतर बदलणार काय?

या दोन टोकांमध्ये तिसरा मार्ग आहे. नेहमीच्या डिजिटल सेन्सरवर रंगीत कणांची जाळी असते, निम्म्या ठिपक्यांवर हिरवा, पाव ठिपक्यांवर लाल, पाव ठिपक्यांवर निळा. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग थेट मिळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. ही जाळी काढून टाकली तर प्रत्येक ठिपक्यावर जास्त उजेड पोहोचतो आणि अंदाजाची गरज संपते, म्हणून तपशील अधिक धारदार येतो. डेव्हिड फिंचरच्या 'मँक'साठी (२०२०) एरिक मेसरश्मिट यांनी असाच फक्त कृष्णधवल टिपणारा रेड कंपनीचा कॅमेरा वापरला. तोटा एवढाच, की नंतर प्रमाण बदलायची सोय उरत नाही. आकाश गडद हवं असेल तर चित्रीकरणाच्या वेळीच भिंगापुढे नारिंगी किंवा लाल काच लावावी लागते.

माध्यमाची निवड कधी कधी रंगीत प्रतीच्या मागणीपासून संरक्षणासाठीही असते. अलेक्झांडर पेनच्या 'नेब्रास्का'चं (२०१३) चित्रीकरण डिजिटल आणि मुळात रंगीत होतं, आणि करारापोटी त्याची रंगीत प्रतही तयार करून द्यावी लागली. कृष्णधवल निगेटिव्हवर काम करणाऱ्याच्या मागे असा तगादा लागू शकत नाही.

रंग नसण्याचा सर्वात खोल उपयोग मात्र मला 'पासिंग'मध्ये दिसतो. १९२० च्या दशकातलं न्यूयॉर्क. आयरीन आणि क्लेअर या दोघी कृष्णवर्णीय बालमैत्रिणी. क्लेअर गोरी म्हणून जगते आहे, नवऱ्यालाही ठाऊक नाही. कथा नेला लार्सन यांच्या १९२९ च्या कादंबरीवरची. आता विचार करा, हा सिनेमा रंगीत असता तर काय झालं असतं? पहिल्याच दृश्यात प्रेक्षक टेसा थॉम्पसन आणि रूथ नेगा यांच्या त्वचेकडे पाहून मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झाला असता, ही गोरी वाटते की नाही, नवऱ्याला कळत कसं नाही. राखाडीत तो निकाल देता येत नाही. त्वचेची छटा चौकटीतल्या उजेडावर ठरते. प्रखर उजेडात तोच चेहरा जवळजवळ पांढरा, सावलीत तोच गडद. सुरुवातीच्या हॉटेलच्या प्रसंगात सगळं इतकं उजळ आहे की चेहरे पांढऱ्यात विरघळायला टेकतात, आणि आयरीन टोपीची कड खाली ओढून सावली धरून बसते. माणसाचा वंश डोळ्यांनी ठरवता येतो, हा प्रेक्षकाचा विश्वासच इथे निकामी होतो, आणि कथेचा विषयही तोच आहे.

कृष्णधवल सगळीकडे चालतं असं मात्र नाही. दाट जंगलातल्या दृश्यात पानं, खोडं आणि कपडे यांची राखाडी एकच होते, आणि धुरळा किंवा मागून येणारं ऊन नसेल तर जवळचं-लांबचं कळत नाही. संध्याकाळ आणि पहाट ओळखणं कठीण जातं, कारण तो फरक मुख्यतः रंगाचा असतो. पांडुरका चेहरा, तापाने लाल झालेले डोळे, अशा खुणांवर प्रसंग अवलंबून असेल तर तो नव्याने लिहावा लागतो.

आणि पाहणाऱ्याच्या पडद्यावरही बरंच अवलंबून आहे. साध्या आठ-बिट व्हिडिओत शुद्ध राखाडीच्या जास्तीत जास्त २५६ पायऱ्या असतात, प्रत्यक्ष वापरात त्याहूनही कमी. रंगीत चित्रात तिन्ही रंगांचे आकडे वेगवेगळे फिरत असल्याने पायऱ्या झाकल्या जातात. राखाडीत तिघेही एकसारखे असतात, म्हणून धुकं, आकाश किंवा भिंतीवरची मऊ सावली पट्ट्यापट्ट्यांची दिसू शकते. फिल्मचे दाणे या पट्ट्या मोडतात, आणि स्वच्छ डिजिटल चित्रातही त्यासाठी मुद्दाम थोडे दाणे मिसळले जातात. स्ट्रीमिंगमध्ये नेट मंदावलं की दाबलेल्या व्हिडिओतून आधी हेच दाणे पुसले जातात आणि पट्टे वर येतात.

टीव्हीचा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड कृष्णधवल चित्राला निळसर झाक देतो आणि अंधारातल्या छटा काळ्यात बुडवतो. 'द लाइटहाउस'मधल्या कंदिलाच्या प्रसंगांत तर त्याने अर्धा तपशीलच जातो. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, रंगाचं तापमान 'वॉर्म'वर ठेवा, कडा धारदार करणारी सोय बंद करा आणि खोलीतला समोरचा दिवा मालवा. मग कंदिलामागच्या भिंतीवरच्या फळ्यांचे रेषा-रेषांचे पोत दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर ब्राइटनेस एकेका अंकाने वाढवत जा, आणि काळा रंग राखाडी व्हायला लागला की एक अंक मागे या.